ट्रान्सलेशन स्टडीजच्या मास्टर्ससाठी स्टेटमेंट कसं लिहायचं: रोज मराठी-इंग्रजी करणाऱ्यांसाठी

ट्रान्सलेशन स्टडीजला अर्ज करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या स्टेटमेंटचे, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाचे ड्राफ्ट माझ्याकडे अधूनमधून वाचायला येतात, आणि त्यातले बरेचसे एकाच सुरात सुरू होतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मग मी दोन भाषांच्या मध्ये वाढले, मग मला कळलं की माझ्यात एक अनुवादक आहे. खोटं काहीच नसतं त्यात. पण हे ज्यांच्या टेबलावर जातं त्यांच्यासमोर त्याच आठवड्यात बार्सिलोनाची कातालान-स्पॅनिश बोलणारी मुलगी असते, कैरोचा अरबी-फ्रेंच करणारा मुलगा असतो, तैपेईहून कोणीतरी असतं, आणि ते सगळेच दोन भाषांच्या मध्ये वाढलेले असतात. या कोर्सला दोन भाषा येणं ही पात्रता झाली, त्यावर स्टेटमेंट उभं राहत नाही. त्या दोन भाषांचं तुम्ही दिवसभर नक्की काय करता, आणि ते करताना कुठे अडता, हे सांगितलं तर राहतं.

हा लेख मुख्यतः यूकेतल्या एका वर्षाच्या मास्टर्सबद्दल आहे, कारण मला तेच जास्त माहीत आहे आणि आपल्याकडून जास्त अर्जही तिकडेच जातात. आपल्याकडे हैदराबाद विद्यापीठ, वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय, इग्नू असे ट्रान्सलेशन स्टडीजचे पर्याय आहेत, पण तिथे प्रवेशाचं गणित मुख्यतः पदवी, मार्क आणि प्रवेश परीक्षा यांच्यावर चालतं, स्टेटमेंटवर फारसं काही ठरत नाही, त्यामुळे ते इथे बाजूला ठेवते.

आधी कोर्सला मराठी चालते का ते बघा

लिहायला बसायच्या आधीची ही पायरी लोक सरळ उडवतात आणि मग तीन ड्राफ्ट झाल्यावर कळतं की आपण ज्या कोर्ससाठी लिहितोय तिथे मराठीला जागाच नाही. ढोबळ मानाने तीन प्रकारचे कोर्स असतात. पहिल्या प्रकारात भाषांची जोडी ठरलेली असते, म्हणजे इंग्रजी-चिनी, इंग्रजी-अरबी, इंग्रजी-फ्रेंच वगैरे, आणि प्रॅक्टिकलचे तास त्या जोडीतच होतात. इथे मराठीवाल्याला साधारणपणे वाव नसतो. युरोपियन कमिशनचा युरोपियन मास्टर्स इन ट्रान्सलेशन नावाचा दर्जा मिळालेले कोर्सही बहुतेक त्यांच्या त्यांच्या भाषांच्या जोड्यांवरच उभे असतात. दुसरा प्रकार म्हणजे साहित्याच्या अनुवादाचा वर्कशॉपवाला कोर्स. तिथे सगळे वेगवेगळ्या भाषांतून बहुतेक इंग्रजीत अनुवाद करतात आणि चर्चा इंग्रजी मजकुरावर होते, मूळ भाषा मास्तरांना यायलाच हवी असं नसतं. नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचं नाव या बाबतीत पहिलं येतं, तिथलं साहित्य अनुवादाचं केंद्र 1989 साली डब्ल्यू. जी. झेबाल्ड या लेखकाने सुरू केलं. तिसरा प्रकार थिअरी आणि रिसर्चवर जास्त भर असलेला, त्यात प्रॅक्टिकल ऐच्छिक असतं किंवा कोणत्याही भाषेत करता येतं.

वेबसाइटवर हे नेहमी स्पष्ट नसतं. म्हणून कोर्सच्या डायरेक्टरना छोटा ईमेल करा आणि त्यात दोनच प्रश्न विचारा: माझी जोडी मराठी-इंग्रजी आहे, प्रॅक्टिकलच्या मॉड्यूलमध्ये मला यात काम करता येईल का, आणि डिझर्टेशन म्हणून अनुवाद केला तर मूळ मराठी वाचू शकणारा परीक्षक तुम्ही बघता का, की फक्त इंग्रजी मजकूर आणि त्यावरची टिपणी तपासता? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर तुमचं स्टेटमेंट कुठल्या बाजूला झुकवायचं ते ठरतं. मूळ वाचणारं कोणी नसेल तर 'माझा अनुवाद मुळाशी किती इमानदार आहे' हा मुद्दा तिथे कोणी तपासणारच नाही, मग तुमची टिपणी करायची, प्रश्न मांडायची ताकद दिसली पाहिजे.

मग आठवडाभर नुसत्या नोंदी करा

रोज दोन भाषांत वावरणाऱ्यांची खरी अडचण अशी की ते काम इतकं सवयीचं झालेलं असतं की आपण काही करतोय हेच दिसत नाही. ऑफिसात इंग्रजी ईमेल, त्याचं मराठीत व्हॉट्सॲप, मग आईला फोनवर बँकेचा मेसेज समजावून सांगणं, रात्री स्वतःची मराठी कथा आणि तिचा इंग्रजी ड्राफ्ट. हे सगळं 'मी दोन्ही भाषा वापरते' या एका वाक्यात गडप होतं.

म्हणून एक वही घ्या किंवा फोनमधल्या नोट्स, आणि आठवडाभर प्रत्येक वेळी भाषा बदलली की चार गोष्टी टिपा. मजकूर काय होता. कुठून कुठे गेला, मराठीतून इंग्रजीत की उलटं. कोणासाठी. आणि काय मागे राहिलं किंवा काय घालावं लागलं. सगळंच टिपायची गरज नाही, दोनदा विचार करावा लागला तेवढंच टिपा. आठवड्याच्या शेवटी वाचलंत की एक गोष्ट वारंवार आलेली दिसेल, कोणाला बायकांच्या बोलण्याची अडचण, कोणाला सरकारी मराठीची, कोणाला विनोदाची. स्टेटमेंटचा कणा तिथून घ्यायचा. बाकीच्या नोंदी सोडून द्यायच्या, कितीही गोड असल्या तरी.

एक केस नीट बघू

धरून चालू की आपली अर्जदार सोलापूर जिल्ह्यातल्या एका सामाजिक संस्थेत काम करते. गावागावातल्या कार्यकर्त्या बचत गटाच्या मीटिंगच्या नोंदी मराठीत लिहून आणतात, आणि त्यावरून ही देणगीदारांसाठी दर तिमाहीला इंग्रजी रिपोर्ट लिहिते. शिवाय स्वतः कथा लिहिते, मराठीत, आणि कधी कधी तीच इंग्रजीत. तिचा पहिला ड्राफ्ट साधारण असा असतो (फॉर्मात हे इंग्रजीत जाणार, मी इथे मराठीत देतेय):

'एका सामाजिक संस्थेत काम करताना मी रोज मराठी नोंदींचं इंग्रजीत भाषांतर करते. या कामामुळे मला दोन संस्कृतींमधला दुवा होता आलं आणि भाषांतराचं महत्त्व मनावर ठसलं. लेखिका म्हणूनही दोन्ही भाषांनी मला समृद्ध केलं आहे.'

यात एक वाक्य कामाचं आहे, पहिलं. बाकी दोन वाक्यं कोणीही, कुठल्याही भाषेबद्दल, काहीही न करता लिहू शकतं. आता तिच्या वहीतली नोंद बघा. एका गावच्या मीटिंगच्या कागदावर कार्यकर्तीने लिहिलं होतं: एक बाई उशिरा आल्या, विचारलं तर म्हणाल्या, 'सासू म्हनली, मीटिंगला जा, पर भाकऱ्या थापून जा.' रिपोर्टच्या साच्यात 'अडचणी' नावाचा रकाना असतो, आणि तिथे अशा नोंदी ज्या ठरलेल्या इंग्रजीत जातात ती म्हणजे 'रेझिस्टन्स फ्रॉम फॅमिली मेंबर्स वॉज रिपोर्टेड'. कुटुंबातून विरोध असल्याचं कळलं.

इथे थांबून बघा काय काय झालं. सासूने विरोध केलाच नव्हता, तिने जा म्हटलं आणि अट घातली. बोलणारी सून होती, तिने सासूचं बोलणं सांगितलं, कार्यकर्तीने सुनेचं बोलणं लिहिलं, आणि इंग्रजीत येईपर्यंत तिघींपैकी एकही उरली नाही, कोणी कोणाला काय सांगितलं ते 'रिपोर्टेड' या कर्मणी रचनेत विरघळलं. आणि याचा परिणाम कागदावर राहत नाही. विरोध आहे म्हटलं की पुढच्या तिमाहीत कुटुंबांच्या समुपदेशनाचा कार्यक्रम येतो. अट आहे म्हटलं तर मीटिंग सकाळी दहाच्या ऐवजी दुपारी घ्यायची, एवढंच करायला लागतं.

हे सगळं वहीत आलं की दुसरा ड्राफ्ट आपोआप वेगळा होतो:

'कार्यकर्त्या बचत गटाच्या मीटिंगच्या नोंदी मराठीत आणतात, त्यावरून मी देणगीदारांसाठी इंग्रजी तिमाही रिपोर्ट लिहिते. एका नोंदीत एक बाई सांगते की सासू म्हणाली, मीटिंगला जा पण भाकऱ्या थापून जा. आमच्या साच्यात हे कुटुंबाचा विरोध म्हणून गेलं असतं. मी ते वाक्य अवतरणात ठेवलं आणि मीटिंग सकाळी असते हे त्याला जोडलं. पुढच्या टप्प्यावर संपादनात अवतरण कापलं गेलं, कारण रकान्याला शब्दमर्यादा होती, वेळेचा मुद्दा मात्र राहिला. मराठी नोंदीपासून इंग्रजी रिपोर्टपर्यंत कोणाचं बोलणं कुठल्या टप्प्यावर गळतं आणि त्यातलं किती अनुवादकाच्या हातात असतं, हा प्रश्न घेऊन मी या कोर्सला येते आहे.'

हा परिच्छेद लांबीने दुपटीहून जास्त आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून पाच गोष्टी कळतात आणि एकाही ठिकाणी अर्जदार स्वतःला हुशार म्हणत नाही: कुठला मजकूर, कुठून कुठे, काय निर्णय घेतला, त्याची किंमत काय पडली, आणि कुठे तिचा हात पोचला नाही. शेवटचं सगळ्यात जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे. अवतरण कापलं गेलं हे लपवून 'माझ्यामुळे बायकांचा आवाज जगापर्यंत पोचला' असं लिहिलं तर तो परिच्छेद परत पहिल्या ड्राफ्टसारखाच होतो, फक्त भाकरी घातलेला.

एक गोष्ट इथेच सांगते कारण नंतर राहून जाईल. अशा नोंदी संस्थेच्या असतात आणि बायकांच्या असतात, तुमच्या नसतात. गावाचं नाव काढा, गटाचं नाव काढा, ती बाई ओळखू येईल असा तपशील काढा, आणि संस्थेला विचारून घ्या. कोर्सला गेल्यावर याच मजकुरावर डिझर्टेशन करायचं म्हटलं तर विद्यापीठाची एथिक्सची परवानगी लागेल, त्यामुळे 'संस्थेने नाव-गाव काढून नोंदी वापरायला संमती दिली आहे' हे अर्धं वाक्य स्टेटमेंटमध्ये असलं तर उत्तमच. अर्थात खरंच दिली असेल तर.

दिशा सांगा, आणि ती लपवू नका

अनुवादाच्या जगात एक जुना संकेत आहे की माणसाने आपल्या मातृभाषेतच अनुवाद करावा, परक्या भाषेत नाही. यूकेतल्या व्यावसायिक संस्था मातृभाषेच्या जोडीला 'सवयीची भाषा' असंही म्हणतात, म्हणजे ज्या भाषेत तुम्ही रोज सराईतपणे लिहिता ती. आपली गोची अशी की मराठी-इंग्रजीचं काम बहुतेक उलट्या दिशेने चालतं: मराठी माणूस मराठीतून इंग्रजीत करतो, कारण मराठी येणारे इंग्रज जवळजवळ नाहीतच. त्यामुळे तुमचं स्टेटमेंट वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच की ही बाई कुठल्या दिशेने काम करणार.

यावर लोक दोन टोकं गाठतात. एक, गप्प बसायचं. दोन, 'माझी दोन्ही भाषांवर सारखीच पकड आहे' असं ठोकून द्यायचं, जे जवळपास कोणाच्याच बाबतीत खरं नसतं. तुमच्या दोन भाषांचे वाटे वेगळे आहेत, तेच लिहा. आपली अर्जदार लिहू शकते की रिपोर्टचं, ऑफिसचं, युक्तिवादाचं इंग्रजी तिच्या हातात बसलंय, कारण ती रोज तेच लिहिते, पण भांडणाचं, थट्टेचं, लहान मुलाशी बोलायचं इंग्रजी तिच्याकडे पुस्तकातून आलंय, आणि मराठीत बरोबर उलटं आहे, बोली सगळी येते पण तांत्रिक मराठी सरकारी परिपत्रकांतून शिकलेली. हे वाचून तिचं इंग्रजी कच्चं आहे असं कोणी म्हणणार नाही, उलट ही मुलगी आपली हत्यारं ओळखून आहे असं दिसतं. आणि भाषेच्या परीक्षेचा स्कोअर वेगळा जातोच की.

उलट्या दिशेचं एखादं उदाहरण असेल तर दोन ओळीत टाका, लांबवू नका. म्हणजे देणगीदाराकडून इंग्रजी प्रश्नावली येते, त्यात 'निर्णय घेण्यासाठी तुम्हाला सक्षम वाटतं का' असा प्रश्न असतो, तो मराठीत शब्दशः ठेवला तर सगळ्या बायका 'व्हय' म्हणतात आणि काहीच कळत नाही. 'मुलीला पुढं शिकवायचं तर घरात कोणाकोणाला विचारावं लागतं' असं विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात. छान आहे, पण इथे एक खाच आहे जी अर्जदाराला माहीत असली पाहिजे: प्रश्नच बदलला तर त्याची उत्तरं ओडिशातल्या किंवा केनियातल्या उत्तरांशी ताडून बघता येत नाहीत, आणि सर्व्हे करणाऱ्याला नेमकं तेच करायचं असतं. म्हणून हे उदाहरण 'मी प्रश्न सुधारला' असं न लिहिता 'इथे दोन गरजा एकमेकींशी भांडतात' असं लिहा. अनुवादाच्या अभ्यासात हान्स फर्मेअर या जर्मन अभ्यासकाची स्कोपोस नावाची मांडणी आहे, अनुवाद कसा करायचा ते त्याच्या हेतूवर ठरतं असं सांगणारी, आणि ही केस त्या मांडणीला अडचणीत आणते, कारण इथे हेतूच दोन आहेत.

थिअरी किती घालायची

वरच्यासारखी, म्हणजे स्वतःच्या केसला लागून येईल तेवढीच. ट्रान्सलेशन स्टडीज हे नाव आणि त्याचा नकाशा 1972 साली जेम्स होम्सने मांडला, हे खरं आहे, पण तुमच्या स्टेटमेंटमध्ये ते सांगून उपयोग नाही, त्यांना माहीत आहे.

सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव लॉरेन्स व्हेनुटी या अमेरिकन अनुवाद-अभ्यासकाचं, आणि ते बहुतेक चुकीच्या जागी येतं. 1995 च्या पुस्तकात त्याचा मुख्य रोख असा आहे की इंग्रजीत, विशेषतः ब्रिटन-अमेरिकेच्या प्रकाशनात, अनुवाद इतका गुळगुळीत करतात की तो मूळ इंग्रजीच वाटतो आणि अनुवादक गायब होतो, तर परकेपणा थोडा दिसू द्यावा. आपले लोक हे वाचतात आणि लिहितात की मला मराठी अनुवादातही परकेपणा ठेवायचा आहे. अहो, पण इंग्रजीतून मराठीत येताना परिस्थिती उलटी आहे, तिथे इंग्रजीचं वजन आधीच एवढं आहे की मराठी वाक्यं इंग्रजीच्या वळणाने जातातच, परकेपणा आणायला कष्ट लागत नाहीत. मराठीतून इंग्रजीत जात असाल तर व्हेनुटी कामाला येतो. भाकरीच्या केसमध्ये येतो का? अर्धवट. कारण रिपोर्टमध्ये सून गायब होते, अनुवादक गायब होतो तो वेगळ्या कारणाने: त्या नोकरीला कोणी अनुवाद म्हणतच नाही. हिलरी फूटिट आणि अँजेला क्रॅक यांनी इतरांबरोबर ब्रिटनमधल्या विकास संस्थांवर जो अभ्यास केला, त्यात हेच आलंय की भाषा आणि अनुवाद यांची गणती संस्थांच्या प्राधान्यात फार खाली असते आणि काम दुभाषी कर्मचाऱ्यांवर अनौपचारिकपणे पडतं. आपल्या अर्जदाराने एक नाव घ्यायचं तर हे घ्यावं. व्हेनुटीपेक्षा कमी ओळखीचं आहे आणि तिच्या प्रश्नाच्या जास्त जवळ आहे.

दुसरा मोह म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. 1832 च्या दर्पणमध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापलेला असायचा, त्यामुळे 'माझ्या आधी दोनशे वर्षं' अशी सुरुवात सुचते. पण मग पहिला परिच्छेद जांभेकरांना प्रवेश मिळवून देतो. दर्पणचे ते दोन स्तंभ एकमेकांचे अनुवाद किती आणि वेगळं लेखन किती हाच तुमचा डिझर्टेशनचा विषय असेल तर जरूर घ्या, नाहीतर राहू द्या. कोलटकर-चित्र्यांचंही तेच, ते दोन्ही भाषांत लिहीत म्हणून आपण त्यांच्या रांगेत बसत नाही.

तुम्ही साहित्याकडे जाणार असाल तर केस वेगळी निवडायला लागेल, पण पद्धत तीच. उदाहरण द्यायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. त्याचं एक इंग्रजी रूप 1950 साली जोसेफिन इंकस्टरने केलं आणि अलीकडचं शांता गोखल्यांनी, 2017 साली. लक्ष्मीबाईंचं ते समोर बसून गोष्ट सांगितल्यासारखं लिहिणं दोघींनी कसं हाताळलं, हा प्रश्न एका डिझर्टेशनच्या मापाचा आहे. एकच पान घ्या, तिन्ही शेजारी ठेवा आणि जिथे नवऱ्याची, म्हणजे कवी टिळकांची थट्टा आहे ती वाक्यं बघा, स्टेटमेंटचा परिच्छेद त्यातूनच निघेल. सॅम्पल अनुवाद मागत असतील तर जुन्या लेखकाचा उतारा घेण्यात एक सोयही आहे, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे पुढे कुठे छापायचं झालं तर परवानगीसाठी वारसांना शोधत फिरायला लागत नाही. शोधायला लागलं की कळतं काय ते.

कोर्सशी गाठ कुठे मारायची

यूकेतलं मास्टर्स साधारण 180 क्रेडिटचं असतं आणि त्यातले 60 डिझर्टेशनचे, म्हणजे एक तृतीयांश कोर्स तुमच्या स्वतःच्या प्रश्नावर चालणार असतो. बऱ्याच ठिकाणी ते दोन प्रकारे करता येतं, एकतर सरळ संशोधन, नाहीतर लांब अनुवाद आणि त्याच्यावर टिपणी. यातलं कुठलं करणार ते लिहा. नक्की नसलं तरी लिहा, प्रवेश मिळाल्यावर बदलता येतं, पण स्टेटमेंटमध्ये ते नसलं की बाकी सगळं हवेत राहतं.

आपल्या अर्जदाराचं असं होईल: संस्थेच्या संमतीने एका वर्षाच्या मराठी नोंदी आणि त्यांचे चार तिमाही रिपोर्ट शेजारी ठेवून, कोणी म्हटलं हे कुठल्या टप्प्यावर जातं ते बघायचं. मग मॉड्यूलकडे वळायचं, आणि तेही यादी करून नाही. एक मॉड्यूल प्रश्नासाठी, उदाहरणार्थ संस्था आणि अनुवाद यांच्यावरचं, आणि एक जे तिला येत नाही त्यासाठी, उदाहरणार्थ भाषांतराची सॉफ्टवेअर. तिने आजवर सगळं वर्ड आणि एक्सेलमध्येच केलंय, ट्राडोससारखं काही उघडलेलं नाही, तर तसं लिहावं. त्यात लाज काही नाही, शिकायलाच तर चाललीये.

प्राध्यापकांची नावं घालताना एकदा विभागाच्या पानावर जाऊन बघा ते अजून शिकवतात का. आपण ज्यांची पुस्तकं वाचतो ते या क्षेत्रात बरेचसे निवृत्त झालेले आहेत, आणि 'अमुक यांच्या हाताखाली शिकायचं आहे' असं लिहून पाठवलं की समोरच्याला कळतं की तुम्ही त्यांचं पान उघडलेलं नाही.

मराठीत आधी लिहावं की थेट इंग्रजीत

हे मला नेहमी विचारतात. माझं मत असं की केसचा परिच्छेद आधी मराठीत लिहा आणि बाकी सगळं थेट इंग्रजीत. केस तुमच्या डोक्यात मराठीत घडलेली असते, ती इंग्रजीत सुरू केली की लगेच रिपोर्टची भाषा येते आणि सासू परत गायब. उलट डिझर्टेशन आणि मॉड्यूलचा भाग मराठीत लिहायला घेतला तर त्यातलं निम्मं असं होतं की ते मराठीत कोणी बोलतच नाही.

मराठीतून नेलेल्या इंग्रजीची एक खूण सांगते. आपण कारण आधी सांगतो, परिस्थिती सांगतो, आणि क्रियापदाबरोबर मुद्दा शेवटी येतो, बोलताना ते फार गोड वाटतं. इंग्रजी परिच्छेद तसाच गेला की वाचणारा चार ओळी थांबतो आणि ज्याच्या हातात गठ्ठा आहे तो थांबत नाही. तपासायची रीत सोपी: प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य उचलून पहिल्या जागी ठेवून बघा. बसलं, तर ते तिथलंच होतं. केसचा परिच्छेद मात्र याला अपवाद, तिथे प्रश्न शेवटीच राहू द्या.

शब्दमर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, बरेचदा 500 ते 1000 शब्दांत, काही पोर्टल शब्द न मोजता अक्षरं मोजतात आणि स्पेसही धरतात. 700 शब्द मिळाले तर माझी वाटणी अशी असते: केसला 250, दिशा आणि भाषांच्या वाट्यांना 100, प्रश्न आणि डिझर्टेशनला 200, उरलेले कोर्स आणि पुढचं काम यांना. शिक्षणाचा इतिहास जवळपास शून्य, तो फॉर्मात दुसरीकडे आहेच. स्कॉलरशिपचा अर्ज असेल तर त्याचे निबंध वेगळे लिहा, ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपवाल्यांना तुमचं नेतृत्व आणि परत येऊन काय करणार ते हवं असतं, सासूचं वाक्य तिथे चालेल पण दोन ओळीत.

रेफरन्स देणाऱ्यांपैकी एक जण तुमचं दोन्ही भाषांतलं काम पाहिलेलं असेल असं बघा. कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडम तुमच्या इंग्रजीबद्दल लिहितील, पण ज्या संपादकाने किंवा वरिष्ठाने नोंद आणि रिपोर्ट दोन्ही वाचलंय, तो तुमच्या निर्णयाबद्दल लिहू शकतो. त्यांना स्टेटमेंटचा केसचा परिच्छेद आधी पाठवा म्हणजे दोन्हीकडे एकच गोष्ट दोन वेगळ्या प्रकारांनी येणार नाही.

आणि शेवटी पोर्टल. मराठी वाक्य देवनागरीत ठेवायचा मोह होतो, पण बऱ्याच फॉर्मच्या टेक्स्ट बॉक्समध्ये देवनागरीची चौकटी-चौकटी होते किंवा जोडाक्षरं सुटतात. बॉक्समध्ये पेस्ट करायचं असेल तर मराठी वाक्य रोमन लिपीत लिहा आणि लगेच इंग्रजी द्या. फाइल अपलोड करायची असेल तर फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढा, आणि ती स्वतःच्या लॅपटॉपवर न बघता ज्याच्या मशीनवर मराठी फॉन्ट नाही अशा कोणाकडे तरी उघडून बघा. तिथे 'भाकऱ्या' मधला ऱ्या नीट दिसला तर सबमिट करा.